खिसा उजवीकडे, तीळ डावीकडे: मॅच खरा माणूस आहे का हे मी कसं तपासलं

लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण आधी धड सांगता येईल इतकं माझं मलाच कळायला हवं होतं. डेटिंग अ‍ॅपवर दोन मॅच झाले, एक खोटा निघाला आणि एक खरा. गंमत नाही, खरंच सांगते, खोट्याने मला व्हिडिओ कॉल केला होता आणि त्या कॉलमध्ये फोटोतलाच चेहरा दिसला होता, आणि खऱ्याच्या कॉलनंतर मी अर्धी रात्र हा खोटा आहे असं समजून जागी होते. म्हणून नुसतं "व्हिडिओ कॉल करा आणि फोटो सर्च करा" असं कोणी सांगितलं की मला वाटतं, अगं पण कसा करायचा ते पण सांग ना.

पहिल्यापासून सांगते. पहिला मॅच, प्रोफाइलवर पाच फोटो, बोलणं अगदी सभ्य, वेळेवर उत्तरं, नऊ दिवस चॅट चाललं. मी दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं की दोन मिनिटं व्हिडिओ कॉल करूया का, तर म्हणाला कॅमेरा बिघडलाय. मग म्हणाला साइटवर आहे, रेंज नाही. मग आठव्या दिवशी रात्री साडेअकराला अचानक त्याचाच कॉल आला, मी उचलला, समोर तोच माणूस, मागे पांढरा पडदा, हसला, हात हलवला, मान थोडी खाली घातली, परत हसला. आवाज तुटक तुटक येत होता. मी म्हटलं, "अहो ऐकू येतंय का, जरा बाजूला वळून बघा ना, चेहरा अंधारात येतोय." तेवढ्यात कॉल कट. लगेच मेसेज, "सॉरी, नेटवर्क फारच वाईट आहे, पण तुम्हाला बघून छान वाटलं." एकूण चाळीस सेकंद झाले असतील.

आणि मी विश्वास ठेवला. चेहरा दिसला ना, मग अजून काय हवं असं वाटलं. पण झोपताना एक गोष्ट डोक्यात राहिली की मी बोलत असताना तो हसत होता आणि त्याचा आवाज येत होता तेव्हा ओठ बंद होते. खराब नेटवर्कवर आवाज मागेपुढे होतो हे मला माहीत आहे, मी स्वतः रोज ऑफिसचे कॉल घेते. पण खराब नेटवर्कवर ओठ उशिरा का होईना हलतात तरी. याचे हललेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी फोटो शोधायला बसले. आधी चुकीच्या पद्धतीने केलं ते सांगते, कारण बहुतेक जण तसंच करतात. प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घेतला आणि तो अख्खा गूगल लेन्समध्ये टाकला. त्यात वर त्याचं नाव, खाली अ‍ॅपची बटणं, वय, सगळं आलेलं. रिझल्टमध्ये काय आलं तर असेच दिसणारे निळ्या शर्टातले पुरुष, कोणी मॉडेल, कोणी शर्टाची जाहिरात. मला वाटलं चला, काही सापडलं नाही म्हणजे फोटो याचेच. आता कळतं की हे वाटणंच चुकीचं होतं. लेन्स दिसायला सारख्या गोष्टी दाखवतं, आपल्याला मात्र तोच फोटो अजून कुठे आहे ते हवं असतं. त्यासाठी रिझल्टमध्ये हुबेहूब तोच फोटो दाखवणारा वेगळा टॅब असतो, तो उघडायचा. आणि फोटो टाकायच्या आधी नाव-बटणं सगळं कापून फक्त मूळ फोटोचा चौकोन ठेवायचा.

दुसरं साधन टिनआय, म्हणजे tineye.com, हे 2008 पासून आहे आणि ते चेहरा ओळखत नाही, तोच फोटो किंवा त्याची कापलेली, रंग बदललेली आवृत्ती कुठे आहे तेवढंच शोधतं. त्यात रिझल्ट सगळ्यात जुना आधी असे लावता येतात. पण तिथे दिसणारी तारीख ही त्यांच्या यंत्रणेला तो फोटो पहिल्यांदा कधी दिसला त्याची असते, फोटो कधी टाकला त्याची नाही, त्यामुळे ती तारीख पुराव्यासारखी धरायची नाही.

मी सगळे पाच फोटो नीट कापून दोन्हीकडे टाकले. काही नाही. मग मी नुसतेच फोटो मोठे करून बघत बसले, आणि तिसऱ्या फोटोत अडकले. माणूस कठड्याला टेकून उभा, निळा शर्ट, दोन्ही हात कठड्यावर. शर्टाला एक खिसा. शर्टाचा खिसा घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो ना, म्हणजे तो आपल्यासमोर उभा असेल तर आपल्याला आपल्या उजवीकडे दिसायला हवा. या फोटोत तो आपल्या डावीकडे होता. बटणं बघितली तर काजाची पट्टीपण उलटी. म्हणजे फोटो आरशासारखा उलटवलेला होता.

सेल्फी असता तर मी सोडून दिलं असतं, कारण सेल्फी पुष्कळदा उलटाच सेव्ह होतो. पण इथे दोन्ही हात कठड्यावर दिसत होते आणि फोटो लांबून काढलेला होता, म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने काढलेला. तो उलटा असायचं साधं कारण नाही. फोटो उलटवून टाकला की शोध चुकण्याची शक्यता वाढते, आणि चोरलेले फोटो वापरणारे ते मुद्दाम करतात.

मी फोनच्या गॅलरीतच एडिटमध्ये जाऊन फोटो आडवा फ्लिप केला, परत सर्चला टाकला, आणि पहिलाच रिझल्ट तोच फोटो. फक्त तिथे तो जास्त रुंद होता. कठड्याला टेकलेला तोच माणूस, आणि त्याच्या शेजारी त्याच्या कोपराला धरून उभी एक बाई, पुढे चार-पाच वर्षांची मुलगी. माझ्याकडच्या फोटोत कोपराजवळ जे बोटासारखं काहीतरी मला दिसलं होतं आणि मी सावली समजले होते, ती त्या बाईची बोटं होती. ते बघून माझे हातच गार पडले. कोणाचा तरी घरचा फोटो, बायको-मुलीला कापून टाकून माझ्यापर्यंत आला होता.

मूळ कोणता आणि नक्कल कोणती हे कसं कळतं असं एका मैत्रिणीने विचारलं, की कशावरून तुझा मॅच खरा नाही आणि ते पेज खोटं नाही. तर सोपं आहे, कापलेल्या फोटोतून रुंद फोटो सहजासहजी बनत नाही. रुंद, मोठा, जास्त स्पष्ट आहे तो मूळच्या जवळचा. शिवाय त्या पेजवर त्याच माणसाचे कित्येक वर्षांचे फोटो होते, तीच मुलगी हळूहळू मोठी होताना, ओळखीच्यांच्या कमेंट, वेगळं नाव, वेगळा देश, काम व्यायाम शिकवण्याचं. आणि त्याच्या पब्लिक व्हिडिओंमध्ये खाली खाली गेल्यावर तो व्हिडिओ मिळाला. पांढरा पडदा, हसला, हात हलवला, मान खाली, परत हसला. माझा चाळीस सेकंदांचा कॉल.

म्हणजे झालं असं की त्या पब्लिक व्हिडिओची क्लिप कॅमेऱ्याच्या जागी लावली होती. कॉम्प्युटरवर असं सॉफ्टवेअर मिळतं जे एखादी रेकॉर्ड केलेली क्लिप कॉलच्या अ‍ॅपला कॅमेरा म्हणून दाखवतं, ते काही गुपित नाही, लाइव्ह स्ट्रीम करणारे लोक रोज तेच वापरतात. म्हणून कॉल छोटा, म्हणून तो त्यानेच अचानक केला, म्हणून नेटवर्क खराब, आणि म्हणून मी बाजूला वळा म्हटल्यावर कट. क्लिपला वळता येत नाही.

मी त्याला काही बोलले नाही. भांडायची इच्छा खूप झाली, पण काय चुकलं ते सांगितलं असतं तर पुढच्या बाईच्या वेळी त्याने ते सुधारलं असतं. चॅटचे स्क्रीनशॉट घेतले, अ‍ॅपवर प्रोफाइल रिपोर्ट केलं आणि मग ब्लॉक केलं, याच क्रमाने, कारण ब्लॉक केल्यावर पुष्कळदा चॅटच निघून जातं. त्या मूळ माणसालाही मेसेज केला, की तुमचे फोटो वापरून कोणीतरी प्रोफाइल चालवतंय. त्याचं उत्तर आलं, आभार मानले आणि फक्त एकच विचारलं, मुलीचा फोटो कुठे वापरलाय का. मी पाचही फोटो परत बघून नाही म्हणून कळवलं.

यानंतर दोन महिने मी अ‍ॅप उघडलं नाही. मग दुसरा मॅच झाला आणि या वेळी मी आधीच ठरवलं की हे लपूनछपून करायचं नाही, सरळ विचारायचं. चार दिवस बोलल्यावर लिहिलं, "मला एकदा वाईट अनुभव आलाय, त्यामुळे पुढे बोलायच्या आधी पाच मिनिटं व्हिडिओ कॉल करूया का? अ‍ॅपमधूनच, नंबर द्यायला नको. आणि मी दोन-तीन गोष्टी करायला सांगेन, त्या आधी मी करून दाखवेन." तो म्हणाला, "चालेल, उद्या रात्री नऊला?" एवढंच. कॅमेरा नाही, साइटवर आहे, माझ्यावर विश्वास नाही का, यातलं काही नाही. मला तिथेच थोडं हलकं वाटलं, पण मी ते धरून बसले नाही, कारण गोड बोलून हो म्हणणारेही असतात.

त्याआधी फोटो शोधले. चार फोटो, कापून, सरळ आणि उलटे असे दोन्ही, दोन्ही साधनांवर. एकाही फोटोचा काही रिझल्ट नाही. आणि मी या वेळी त्यातून काहीच अर्थ काढला नाही. ज्याचं अकाउंट प्रायव्हेट आहे किंवा जो फोटोच टाकत नाही त्याचं काही सापडत नाही, आणि प्रायव्हेट अकाउंटमधून चोरलेल्या फोटोचंही सापडत नाही, आणि कॉम्प्युटरने बनवलेला चेहरा असेल तर तो मुळात कुठे असणारच नाही. सापडलं तर खूप काही कळतं, नाही सापडलं तर फक्त इतकंच कळतं की या साधनांना तो फोटो दिसलेला नाही. बनवलेल्या चेहऱ्यासाठी मी एवढंच बघितलं की चारही फोटोंत कानांची ठेवण सारखी आहे का, केस कपाळावर सुरू होतात ती रेघ सारखी आहे का, मागच्या माणसांचे चेहरे वितळल्यासारखे नाहीत ना. दाढी, चष्मा, केसांची स्टाइल बघून काही उपयोग नाही, ते माणूस रोज बदलतो. कान बदलत नाहीत.

कॉलच्या वेळी मी मागे साधी भिंत येईल अशी बसले, खिडकी किंवा घराची कुठली ओळख दिसणार नाही अशी. हे माझ्यासाठी, कारण समोरचा स्क्रीन रेकॉर्ड करू शकतो हे धरूनच बोलायचं. मैत्रिणीच्या बहिणीला एका अनोळखी व्हिडिओ कॉलवर समोरच्याने कपडे काढायला सांगितलं होतं आणि नंतर रेकॉर्डिंगची धमकी दिली, तेव्हापासून मी हे कधीच विसरत नाही. तपासायचा कॉल हा तपासायचाच असतो, त्यात तसलं काही निघालं की लगेच बंद.

नऊला कॉल लागला. पहिलं मिनिट नुसतं बोलणं. मग मी म्हटलं, "आता मी करते ते बघा," आणि हाताचा पंजा चेहऱ्यासमोरून सावकाश एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत नेला, मग मान पूर्ण वळवली, म्हणजे फक्त एक कान दिसेल इतकी, आणि मग उठून फोन हातात घेऊन दोन पावलं चालले. "आता तुम्ही." त्याने तसंच केलं. पंजा फिरवताना चेहऱ्याची कड कुठे थरथरली नाही, बोटांच्या मधून नाक दिसत होतं ते तसंच राहिलं, मान वळवल्यावर कान आणि जबडा नीट जुळत होता, दिव्याखाली गेल्यावर नाकाची सावली हलली.

हे का करायला लावायचं ते सांगते. क्लिप असेल तर ती सांगितलेलं करूच शकत नाही, तिथेच संपतं. पण हल्ली लाइव्ह चेहरा बदलणारी सॉफ्टवेअर असतात, म्हणजे माणूस समोर खराच असतो, बोलतो, उत्तरं देतो, पण त्याच्या तोंडावर दुसऱ्याचा चेहरा चढवलेला असतो. ती सरळ समोर बघताना छान चालतात, पण चेहऱ्यावरून काही आडवं गेलं किंवा मान पूर्ण बाजूला वळली की गडबडतात, चेहरा क्षणभर हातावर चढतो, कड पुसट होते. नेहमीच गडबडतील असं मी धरत नाही, सॉफ्टवेअर सुधारत जाणार. म्हणून मी एकच ठरलेली गोष्ट करायला सांगत नाही, समोर जे दिसतंय त्यातलंच काहीतरी त्या क्षणी सुचेल ते सांगते. त्याच्या मागे कपाट दिसत होतं, म्हटलं वरचं डाव्या हाताचं पुस्तक काढून पानं चाळा. त्याने काढलं, त्यावरची धूळ फुंकली, आणि शिंकला. ती शिंक मला सगळ्यात खरी वाटली. आणि हो, ब्युटी फिल्टर चालू असेल तर तो आधी बंद करायला सांगायचा, कारण फिल्टरनेही चेहऱ्याची कड थरथरते आणि खरा माणूस खोटा वाटतो.

साडेसहा मिनिटं बोललो. फोन ठेवला, आणि मग मी त्याचे फोटो परत उघडले, आणि पोटात गोळा आला. त्याच्या गालावर तीळ आहे. कॉलवर तो स्क्रीनच्या उजव्या बाजूला होता, हे मला पक्कं आठवत होतं कारण मी तेच बघत होते. प्रोफाइलच्या पहिल्या फोटोत तो डाव्या बाजूला होता. माझ्या डोक्यात लगेच कठडा, खिसा, फ्लिप, सगळं आलं. वाटलं, परत तेच. हा माणूस कॉलवर आला खरा पण फोटोतला नाही, भाऊ असेल, कोणीतरी दिसायला सारखा असेल. एक वाजेपर्यंत मी तेच धरून बसले होते.

मग जरा शांत होऊन एकेक बघितलं. पहिला फोटो सेल्फी होता, फोन धरलेला खांदा पुढे आलेला स्पष्ट दिसत होता. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला सेल्फी काही फोन आरशात दिसतो तसाच सेव्ह करतात, तशी सेटिंगच असते. आणि व्हिडिओ कॉलमध्ये आपल्याला आपला स्वतःचा चौकोन आरशासारखा दिसतो, पण समोरच्याला आपण सरळ दिसतो. म्हणजे कॉलवर मला त्याचा तीळ जिथे दिसला ती खरी बाजू, आणि सेल्फीत दिसला ती उलटी. तपासायला तिसरा फोटो होता, दुसऱ्या कोणीतरी काढलेला, टेबलाशी बसलेला. त्यात तीळ उजव्या बाजूला, कॉलसारखाच. सेल्फी फ्लिप केला, तिसऱ्या फोटोच्या शेजारी ठेवला. तीळ जुळला, भुवईतली बारीक खूण जुळली, कान जुळले. स्वतःचा सेल्फी काढून बघितला तर माझा भांग पण उलट्या बाजूला आला होता, इतकी वर्षं कधी लक्षात आलं नव्हतं.

म्हणजे एकाच गोष्टीने, फोटो उलटा असण्याने, एकदा खोटा माणूस पकडला गेला आणि एकदा खरा माणूस जवळजवळ हातचा गेला. फरक एवढाच होता की फोटो कोणी काढलाय. हे आधी बघायचं, मग डावं-उजवं.

यातून मला जे कळलं ते इतकंच की फोटोतला माणूस आणि माझ्याशी बोलणारा माणूस एकच आहे. त्याचं नाव खरं आहे का, लग्न झालंय का, काम सांगतो तेच आहे का, यातलं काहीच कॉलने कळत नाही. फसवणाऱ्यांच्या टोळ्या कॉलवर बोलायला खरी माणसं बसवतात हेही होतं. त्यामुळे पैशांचा किंवा गुंतवणुकीचा विषय त्याने काढला असता तर त्या शिंकेचा काही उपयोग नव्हता, मी तिथेच थांबले असते. त्याने काढला नाही. बाकीचं मी नेहमीसारखं, बोलता बोलता, वेळ घेऊन बघितलं.

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. "राग मानू नका, पण मी पण तुमचा फोटो शोधला होता. एका जुन्या कार्यक्रमाच्या पेजवर तुम्ही आहात, पण तिथे आडनाव वेगळं आहे." मी आधी चमकले, मग आठवलं, तो फोटो घटस्फोटाच्या आधीचा, तिथे सासरचं आडनाव आहे. माझ्या नावाने शोधलं तर ते पेज मला कधीच सापडलं नसतं, फोटोने त्याला सापडलं. त्याने गपचूप अनमॅच केलं असतं तर मला कळलंही नसतं का ते. त्याने विचारलं, मी सगळं सांगितलं, थोडं लांबलचकच लिहिलं गेलं. त्याचं उत्तर आलं, "ठीक आहे. आता तुम्ही पण विचारा, तीळ खरा आहे का." तिळाचं मी त्याला आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं.